अंगण सरळ आहे हे कोणी सांगायचं?

आजचा विषय कागदावर जरा जड वाटतो. म्हणीचं किंवा छापील विनोदाचं दृश्य कसं करायचं, तेही असं की कोणाला समजावून सांगावं लागू नये. मी मात्र एका पाटीपासून सुरुवात करणार आहे.

युवा महोत्सवांत मूकाभिनयाची स्पर्धा असते. पाच मिनिटं, जास्तीत जास्त सहा कलाकार, बोलायचं नाही. मी अशा बऱ्याच स्पर्धा बघितल्या, काही वेळा मुलांबरोबर तालमीतही बसलो. एका वर्षी एका गटाने 'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण घेतली होती. पहिल्या तालमीत एक मुलगा ऐटीत आला, त्याने घुंगरू बांधल्याचा अभिनय केला, नाचायला लागला, धडपडला. मग जमिनीकडे बोट दाखवून तळहात तिरका केला, म्हणजे अंगण उतरतं आहे. बाकीचे पाच जण हसले. शेवटी एका मुलीने पाटी वर धरली आणि पाटीवर म्हण लिहिलेली.

मी विचारलं, पाटी कशाला? तर म्हणाले, "सर, नाहीतर कळणार कसं?"

हे उत्तर प्रामाणिक होतं. त्यांना आतून ठाऊक होतं की समोर जे चाललंय त्यातून म्हण निघत नाहीये. पाटी म्हणजे काय, तर परीक्षकाला दिलेली उत्तरपत्रिका. पाटी बघितल्यावर आपण "अच्छा, हे होतं होय" म्हणतो आणि टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या ओळख पटल्याच्या असतात. कोडं सुटलं की माणसाला बरं वाटतं, पण त्याला विनोद म्हणता येत नाही.

आता त्या तालमीत नेमकं काय बिघडलं होतं ते शोधायचं. पण आधी एका सोप्या म्हणीकडे जाऊ, मग परत अंगणात येऊ.

'पालथ्या घड्यावर पाणी.' दृश्य करायला याहून सोपी म्हण सापडणार नाही, असं कोणालाही वाटेल. घडा आहे, पाणी आहे, ओतणारा आहे. चित्र तयारच आहे. करून बघा. एक माणूस येतो, समोर पालथा घडा, तो त्यावर पाणी ओततो, पाणी ओघळून जातं, तो पुन्हा ओततो. प्रेक्षक हसतील, नक्की हसतील. पण कोणाला हसतील? ओतणाऱ्याला! अरे, हा बावळट घडा उलटा का करत नाही?

बघा, म्हणीत दोष घड्याचा आहे. गुरुजी तळमळीने शिकवतात आणि विद्यार्थी काही घेत नाही, तेव्हा आपण ही म्हण वापरतो. सहानुभूती ओतणाऱ्याकडे असते. चित्र केलं की सहानुभूती उडाली आणि दोष एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेला. म्हण शब्दशः तीच, अर्थ उलटा.

असं का होतं? म्हणीत निकाल आधीच लागलेला असतो. 'पालथा' या एका शब्दात आपण घड्याला दोषी ठरवून मोकळे होतो, घडा कोणी पालथा घातला हे विचारत नाही. रंगमंचावर निकाल देणारे आपण नसतो, प्रेक्षक असतो, आणि तो फक्त डोळ्यांना दिसलेल्या पुराव्यावर निकाल देतो. निर्जीव घडा आणि हात असलेला माणूस समोरासमोर ठेवले तर तो माणसालाच जबाबदार धरणार, कारण घडा उलटा करणं घड्याच्या हातात नाही.

म्हणजे म्हण वाचवायची तर घड्याला हात द्यायला हवेत. घडा म्हणून एक मुलगा बसवा, गुडघ्यांत डोकं घालून. ओतणारा येतो, बघतो की घडा पालथा आहे. आता तो मूर्ख नाही हे आधी सिद्ध व्हायला पाहिजे. म्हणून तो घड्याला अलगद सरळ करतो, म्हणजे मुलाची मान वर उचलतो. समाधानाने कळशी आणायला वळतो, आणि त्याची पाठ वळताच घडा आपणहून पालथा होतो. तो परत येतो, चक्रावतो, पुन्हा सरळ करतो. वळतो. पुन्हा पालथा. तिसऱ्या वेळी एका हाताने मान धरून दुसऱ्या हाताने ओततो, तर घडा तोंड मिटून घेतो. आता दोष कोणाचा याबद्दल कोणाच्याही मनात शंका नाही, आणि ज्याने आयुष्यात ही म्हण ऐकलेली नाही त्यालाही कळतं. यासाठी भर घातली फक्त एका गोष्टीची. घड्याला इच्छा दिली.

'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' ही म्हण तर मी मुलांना घेऊच देत नाही, निदान शब्दशः. म्हणीत आंधळेपणा म्हणजे कारभारातली बेफिकिरी. रंगमंचावर ती बेफिकिरी दिसत नाही. एक अंध बाई कष्टाने दळताना दिसते आणि तिचं पीठ चोरीला जातं. त्यावर जो हसेल त्याच्या शेजारी मला बसायचं नाही. इथे चित्र सोडून परिस्थितीच बदलावी लागते. म्हणजे ज्याला डोळे आहेत आणि जो बघत नाही, असा माणूस आणावा लागतो.

चित्रावर इतका अविश्वास का, असं कोणी विचारेल. चित्रकारांनी म्हणी काढल्या नाहीत का? काढल्या की. पीटर ब्रूगेल या चित्रकाराने १५५९ साली एक मोठं चित्र केलं, आज ते बर्लिनमध्ये आहे. एक गाव, आणि गावात शंभराहून जास्त डच म्हणी आणि वाक्प्रचार माणसांच्या रूपात वावरतायत. कोणी भिंतीवर डोकं आपटतोय, कोणी मांजराच्या गळ्यात घंटा बांधतोय, वासरू बुडून गेल्यावर कोणी विहीर बुजवतोय. एक बाई नवऱ्याच्या अंगावर निळा झगा चढवतेय, याचा त्या भाषेतला अर्थ ती त्याला फसवतेय.

आपण आज ते चित्र बघितलं तर काय होतं? भिंतीवर डोकं आपटणारा लगेच कळतो. वासरू आणि विहीर थोड्या विचाराने कळते, कारण कारण आणि परिणाम दोन्ही शेजारी काढलेत. निळा झगा मात्र काही केल्या कळत नाही, तिथे टीप वाचावी लागते. ब्रूगेलची चूक नाही हं. त्याच्या प्रेक्षकाला म्हणी पाठ होत्या, आणि ओळखण्याचा खेळ हीच त्या चित्राची गंमत होती. पण त्याच चित्रात आपल्याला दोन जाती सरळ वेगळ्या दिसतात. काही म्हणींत प्रसंग आहे आणि काहींत फक्त संकेत आहे. संकेताची म्हण भाषेबाहेर काढली की मरते. आपली 'अंगाला भोकं पडणे' घ्या. ती रंगमंचावर कशी करणार? केलीत तर भयपट होईल.

आता विनोदाकडे. छापील विनोदाची अडचण वेगळी आहे. तिथे दोषाचा प्रश्न फारसा नसतो, क्रमाचा असतो. कुठली गोष्ट कधी कळू द्यायची, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं, कारण वाचक एका वेळी एकच वाक्य वाचतो. रंगमंचावर प्रेक्षक सगळं एकदम बघतो.

मुल्ला नसरुद्दीनच्या नावावर सांगतात तो दिव्याखालच्या किल्लीचा विनोद तुम्हाला माहीत असेल. एक माणूस दिव्याखाली किल्ली शोधतोय. दुसरा मदतीला येतो. दोघे शोधून दमतात. दुसरा विचारतो, नक्की इथेच पडली ना? पहिला म्हणतो, छे, पडली तिकडे अंधारात, पण उजेड इथे आहे ना.

एका तालमीत मुलांनी सुरुवात अशी केली: माणूस अंधारातून येतो, खिशातून किल्ली पडते, तो पुढे येतो, खिसा चाचपतो, दिव्याखाली शोधू लागतो. पहिल्या वीस सेकंदांत विनोद संपला. पुढची चार मिनिटं काय करणार? प्रेक्षकाला सगळं आधीच माहीत. आता यावरही एक चांगलं प्रहसन होऊ शकतं, नाही असं नाही. मदतीला एकापाठोपाठ एक पाच जण येतात, फरशी उचकटतात, आणि आपल्याला माहीत आहे की किल्ली तिकडे पडली आहे. पण तो वेगळा विनोद झाला. छापील विनोदातला धक्का गेला, त्याच्या जागी हुरहुर आली. हे ठरवून केलं तर ठीक, नकळत झालं तर नाटक फसतं.

धक्का राखायचा असेल तर किल्ली पडताना दाखवायचीच नाही. माणूस शोधतानाच पडदा उघडावा. आणि शेवटचा संवाद? तो तर शब्दांत आहे. मला आधी वाटलं होतं हे शब्दांशिवाय होणार नाही. पण एका मुलीने करून दाखवलं. दमलेला मदतनीस जमिनीवर बोट टेकवतो, भुवया उंचावतो: इथे? पहिला मान हलवतो: नाही. लांब अंधाराकडे बोट करतो: तिथे. मदतनीस दोन्ही हात पसरतो: मग? पहिला शांतपणे बोट वर करतो, दिव्याकडे. झालं. पूर्ण विनोद तीन वेळा बोट दाखवण्यात बसला. जिथे संवादाचं काम जागा दाखवणं एवढंच असतं तिथे बोट शब्दाइतकंच बोलतं. शब्दावरची कोटी असती तर हे जमलं नसतं. ज्या विनोदाचा जीव कोटीत आहे तो विनोद वाचावा, सांगावा, पण त्याच्या मागे लागून पाच मिनिटं घालवू नयेत.

एक अडचण उरली होती. स्पर्धेत सगळा रंगमंच सारखाच उजळलेला, मग अंधार कुठून आणायचा? अंधार दाखवता येत नाही. माणसाचं चाचपडणं दाखवता येतं. म्हणून दोघेही रंगमंचाच्या डाव्या भागात शिरले की हात पुढे, पाय घासत, डोळे विस्फारलेले. एका ठराविक रेषेच्या उजवीकडे आले की कंबर सरळ, डोळे किंचित मिचमिचे, चाल मोकळी. ही रेषा तालमीत खडूने आखून घेतली होती. दोघांपैकी एकाने जरी ती रेषा दोन पावलं चुकवली तरी अंधार नाहीसा होतो, आणि मग शेवटी 'तिथे' म्हणून दाखवलेल्या बोटाला काही अर्थ राहत नाही. मदतनीसाला डावीकडून, म्हणजे अंधारातूनच यायला लावलं, तेही त्यासाठीच. त्याच्या येण्यात अंधार सांगून झाला, आणि विनोदाचा शेवट मात्र उघडा पडला नाही.

या कामाचा जुना नमुना बघायचा तर ल्युमिएर बंधूंचा माळ्याचा चित्रपट बघा, १८९५ सालचा, जेमतेम एका मिनिटाचासुद्धा नाही. माळी झाडांना पाणी घालतोय, मागून पोरगा येऊन नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. हा विनोद त्याआधी फ्रान्समध्ये चौकटी-चौकटींनी छापून आलेला होता, क्रिस्टॉफ नावाच्या चित्रकाराने १८८९ साली तो काढला होता. पडद्यावर मात्र चौकटी नाहीत, कॅमेराही हलत नाही. मग कारण आणि परिणाम जोडलं कोणी? त्या नळीने. पाय आणि तोंड यांच्यामध्ये ती डोळ्यांसमोर आडवी पडलेली आहे, म्हणून एक शब्द लागत नाही. आणि मला आवडते ती पुढची गोष्ट. माळी पोराच्या मागे धावतो, त्याला पकडतो आणि परत ओढत पुढे आणतो, कॅमेऱ्यासमोर, आणि मग बदडतो. खऱ्या आयुष्यात जिथे सापडला तिथेच बदडला असता. पण पुरावा प्रेक्षकाला दिसला पाहिजे ना!

आता परत अंगणात येऊ.

त्या पहिल्या तालमीत त्या मुलाने जमिनीकडे बोट करून तळहात तिरका केला, तेव्हा मी शेजारी बसलेल्या एका पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "उतारावर नाचतोय तो, म्हणून पडला." बिचारी बरोबरच बोलली. मूकाभिनयात रंगमंच रिकामा असतो. नट हवेत हात टेकवतो, तिथे भिंत होते. दोरी ओढतो, तिथे दोरी होते. जे तो दाखवतो ते खरं, हा करार पहिल्या क्षणापासून झालेला असतो. मग त्याने अंगण वाकडं दाखवलं तर ते वाकडंच झालं! या माध्यमात खोटं बोलणं फार अवघड आहे. आणि आपली म्हण तर एका खोट्यावर उभी. लिहिलेल्या म्हणीत 'नाचता येईना' हे आधीच सांगून टाकलंय, म्हणून अंगण सरळ आहे हे आपण धरून चालतो. इथे ते सांगणारं कोणी नाही. साक्षीदार लागणार.

मुलांनी आधी साक्षीदार म्हणून दुसरी नाचणारी आणली. ती त्याच जागी सुंदर नाचली. पण त्याने एवढंच सिद्ध झालं की ती चांगली नाचते. चांगली नाचणारी उतारावरही नाचेल की. शिवाय ती आली की प्रसंग दोन नर्तकांच्या स्पर्धेचा होऊन बसला.

मग कोणाला तरी चहावाला सुचला. हातात ट्रे, ट्रेमध्ये काठोकाठ भरलेले ग्लास. तो रंगमंचाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, नजर ग्लासांवर, थेंब सांडत नाही. त्याला नाचाशी काही देणंघेणं नाही, म्हणूनच त्याची साक्ष खरी वाटते. आणि भरलेला ग्लास जे सांगतो ते पाणसळीनेही सांगितलं नसतं इतक्या लवकर.

जागा पक्की केली. नर्तक जिथे अडखळणार तिथे खडूचं फुली-चिन्ह, आणि चहावाल्याची वाट बरोब्बर त्या फुलीवरून. आता नाटक असं झालं. आधी चहावाला जातो. कोणी लक्ष देत नाही, पण डोळ्यांनी नोंद घेतलेली असते. मग साहेब येतात. हो, तो नर्तक आता साहेब झाला, दोघे जण त्याची शाल सांभाळतात. हे का केलं, तर अंगण वाकडं म्हणणाऱ्याचं ऐकून घेणारं कोणी असलं तरच त्या म्हणण्याला वजन येतं. साहेब नाचतात, फुलीवर अडखळतात. आधी स्वतःच्या पायाकडे बघतात. एक क्षण. मग नजर पायावरून सरकत जमिनीवर जाते आणि चेहऱ्यावर राग येतो. ती नजर सरकण्यात सगळी म्हण आहे. तो मुलगा आधी थेट जमिनीकडे बघायचा. पायाकडे बघून मग जमिनीकडे, एवढा बदल केला तेव्हा पहिल्यांदा तालमीत आपोआप हशा आला.

साहेब जमिनीकडे बोट करतात. माणसं धावतात, खणतात, धुमस घालतात, पाण्याची नळी लावून पातळी बघतात. चहावाला परत येतो, काम चाललंय म्हणून थांबतो, मग जातो. तसाच, थेंब न सांडता. साहेब पुन्हा नाचतात, पुन्हा फुलीवर पडतात.

इथून शेवट कसा करायचा यावर भांडणं झाली. आधीच्या शेवटात साहेब शरमून खाली मान घालायचे. मी म्हटलं, अरे, ज्याला शरम वाटते तो माणूस या म्हणीत बसतच नाही. या माणसाला कधीच कळणार नाही, म्हणून तर म्हण टिकली आहे. पाठ्यपुस्तकातल्या गोष्टींची आपल्याला इतकी सवय की शेवटी कोणीतरी सुधारल्याशिवाय चैन पडत नाही.

शेवटी जे झालं ते असं. साहेब उठतात आणि अंगण कसं उतरतंय ते सगळ्यांना अंग तिरकं करून दाखवतात. शालवाला त्यांच्याकडे बघतो आणि तोही तिरका होतो. दुसरा होतो. कामगार होतात. पाच जण एकाच बाजूला कललेले, आणि समाधानाने माना डोलावतायत. तेवढ्यात चहावाला येतो. सरळ. मधोमध थांबतो, त्यांच्याकडे बघतो, आपल्या ग्लासांकडे बघतो, पुन्हा त्यांच्याकडे. मग हळूहळू तोही कलतो. आणि ग्लास सांडतात.

यावर एका परीक्षकांचा आक्षेप होता की ही मूळ म्हण राहिली नाही, हे सत्तेवरचं भाष्य झालं. आक्षेप अगदीच खोटा नाही. म्हण एका माणसाच्या सबबीबद्दल आहे, सबब मान्य करणाऱ्यांबद्दल ती काही बोलत नाही. माझं मत एवढंच की म्हण पुढे नेली, मोडली नाही. सांडलेला चहा हाच अंगण सरळ असल्याचा शेवटचा पुरावा आहे. अंगण खरंच तिरकं असतं तर कलून उभं राहिलेल्याचा चहा वाचला असता.

पाटी काढून टाकली होती. प्रयोगानंतर दाराशी सभागृह झाडणाऱ्या मावशी उभ्या होत्या, त्यांनी मागून सगळं बघितलं होतं. मी विचारलं, मावशी, काय बघितलंत? म्हटलं, म्हण सांगतात का बघू. मावशी म्हणाल्या, "त्या चहावाल्या पोराचे पैसे गेले की हो. साहेबाला काय जातंय."